सातव्या सेकंदाचा निरोप

हिरव्या दिव्याची उबारा शेगडी घरात असेल, तर तिचा प्लग काढा. वायर तापून आग लागते.

हे आधी सांगितलं, कारण मायाबाई पगारे यांची तशी शिस्त होती. निरोप आधी, बाकीचं मग. मला लिहायची सवय नाही. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, माझं लिहिणं म्हणजे गाड्यांच्या नोंदी. पण मायाबाईंबद्दल कुणी लिहिणार नाही, आणि जे झालं त्यात माझाही हात आहे.

ठाण्यात खोपटच्या डेपोत आम्ही एकोणीस वर्षं एका केबिनमध्ये बसलो. मी गाड्या सोडायचो आणि त्या माइकवर पुकारायच्या. बाई कल्याणच्या. वडील देवराम शहाडला कारखान्यात होते आणि रविवारी विहारात वंदना म्हणायचे. ते आजारी पडले तेव्हा नऊ वर्षांच्या मायाला पुढे उभं केलं. आवाज तिथे तयार झाला. गोड नव्हता तो. सरळ होता. लोखंडी पट्टीसारखा यायचा आणि कानात बसायचा.

नोकरीला लागल्या तेव्हा त्याही सगळ्यांसारखंच पुकारायच्या. ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली गाडी’ असं सगळं होऊन शेवटी गावाचं नाव. एकदा एक म्हातारा खिडकीशी आला. जव्हारची गाडी केव्हाची? गाडी सुटून पाच मिनिटं झाली होती. बाई म्हणाल्या, “बाबा, दोनदा पुकारली की.” तो म्हणाला, “बोलत व्हता तुमी कायतरी, पण जव्हार कवा म्हटलात?” त्याचा भाऊ वारला होता. पुढची गाडी चार तासांनी होती. तो बाकावर बसून राहिला आणि बाई काचेतून त्याच्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून गावाचं नाव आधी. “जव्हार. जव्हारवाले. तीन नंबर.” मग बाकीचं. डेपोतून आक्षेप आला, की नमुन्यात असं नाही. बाईंनी उत्तर दिलं, “साहेब, माणूस फक्त स्वतःचं गाव ऐकतो. ते कानावर पडलं की मान वळते. त्याच्या आधी मी काहीही बोलले तरी तो शेंगदाणे खात असतो.” मी शेजारी बसून खाली बघत होतो. बोलायचं असलं की मी खाली बघतो.

निवृत्तीनंतर मी डोंबिवलीत मुलाकडे राहायला आलो. बाई कल्याणलाच होत्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा प्रेम नाशिकला. त्यांच्या चाळीतल्या सिद्धेशने डोंबिवली स्टेशनच्या पूर्वेला एक खोली घेतली होती. तिथे तो जाहिराती करायचा, मोबाइलवर व्हिडिओ बघताना मध्येच येतात तशा. दातांचे दवाखाने, क्लासेस, साड्यांचे सेल. त्याला आवाज हवा होता. बाई गेल्या आणि तिथेच रमल्या. मग लिहायलाही लागल्या. एक दिवस मला फोन आला.

“कंट्रोलरसाहेब, घड्याळ आहे ना तुमचं? बटण दाबून थांबतं ते?”

“आहे.”

“मग या. हा मुलगा कॉम्प्युटरवर सेकंद मोजतो आणि मला बोलू देत नाही. तुमच्या समोर बोलायची सवय आहे मला.”

तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीन दिवस मी जायचो. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचो आणि वेळ लावायचो. सिद्धेश चहा मागवायचा.

त्यानेच मला जाहिरातींचे प्रकार समजावले. गिऱ्हाईक सरसकट सगळ्यालाच ‘बम्पर’ म्हणायचं, त्यावर तो वैतागायचा.

“काका, बम्पर म्हणजे सहा सेकंद. संपला विषय. दुसरी ही पंधरा सेकंदांची, हिच्यात स्किपचं बटण येतच नाही, पूर्ण बघावीच लागते. आणि तिसरी कितीही लांब असू दे, पाच सेकंद झाले की कोपऱ्यात बटण येतं. पब्लिक अंगठा तयार ठेवूनच बसलेली असते.”

“आणि लोक तुला शिव्या देतात,” बाई म्हणाल्या.

“मला कशाला? आवाज तुझा आहे, मावशी.”

बाईंनी स्वतःसाठी नियम केला. जाहिरात कुठलीही असो, निरोप पाच सेकंदांत. बटण येणार नसलं तरीही. त्या म्हणायच्या, बटण नाही म्हणून काय झालं, माणूस फोन उपडा ठेवतो, आवाज बंद करतो. म्हणून पडद्यावर अक्षरंही तीच आणि तेव्हाच. सिद्धेश सांगायचा, की मावशीच्या जाहिराती चालतात. क्लासवाल्यांची जाहिरात ‘दहावीला गणितात अडलंय?’ अशी सुरू व्हायची आणि दहावीवाल्यांच्या घरात मान वळायची.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर गुणाजीशेठ आले. त्यांचा डोंबिवलीच्या औद्योगिक भागात छोटा कारखाना. मूळचे कोकणातले. पांढरा शर्ट, हातात पिशवी. बरोबर मुलगा सर्वेश. पिशवीतून त्यांनी शेगडी काढून टेबलावर ठेवली.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेक देतात ती शेगडी. पूर्वी निखाऱ्यांची असायची. फ्लॅटमध्ये, चाळीत निखारे कुठून आणणार? म्हणून गुणाजीशेठनी विजेची काढली होती. पत्र्याचा चपटा डबा, वर जाळी, जाळीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेप टाकायची. नाव उबारा. बारा वर्षं चांगली खपत होती. त्या वर्षी त्यांनी लाल दिव्याच्या जागी हिरवा दिवा बसवला, आणि त्याच वेळी वायर नव्या माणसाकडून घेतली. ती बारीक निघाली. तासभर चालली की आतून तापते, वरचं आवरण वितळतं, मग ठिणगी. बाजेवरून गोधडीचा काठ खाली लोंबत असेल तर संपलंच. तोपर्यंत दोन घरांत गोधड्या जळाल्या होत्या, माणसांना काही झालं नव्हतं. हिरव्या दिव्याच्या चारशे सदतीस शेगड्या बाजारात गेल्या होत्या.

“दुकानदारांकडून नावं घ्या ना,” सिद्धेश म्हणाला. “डायरेक्ट फोन मारा.”

“घेतली,” गुणाजीशेठ म्हणाले. “सगळ्यांना फोन केले. पण शेगडी घरात थांबते होय? सव्वा महिना झाला की बहिणीकडे जाते. तिथून जावेकडे, तिथून शेजारी. बाळंतपणाची वस्तू कोण माळ्यावर ठेवत नाही. ज्याने घेतली तो म्हणतो, आमच्याकडे नाही आता.”

मला ते पटलं. आमच्या घरातला पाळणाही असाच सात घरं फिरून आला होता.

म्हणजे शेगडी कुणाकडे आहे ते माहीत नाही, पण जिच्याकडे आहे ती बाई खोलीत पडून असणार आणि हातात मोबाइल असणार. म्हणून ही जाहिरात. ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात, मराठीत, जिथे तिथे दिसेल अशी. सिद्धेशने पंधरा सेकंदांची, बटण न येणारी सुचवली. सर्वेशने होकार दिला.

बाईंनी त्याच दुपारी मजकूर लिहिला. माझ्याकडे तो कागद आहे.

‘हिरव्या दिव्याची उबारा शेगडी बाजेखाली असेल, तर आत्ता प्लग काढा. वायर तापते, आग लागते. कुणाला दिली असेल तर त्यांना फोन करा. दुकानात परत करा, बदलून मिळेल. उबारा, हिरवा दिवा. प्लग काढा.’

त्यांनी वाचला. मी घड्याळ थांबवलं. पहिलं वाक्य साडेचार सेकंद, सगळं मिळून चौदा.

सर्वेशचा चेहरा उतरला. “मावशी, म्हणजे... सुरुवातच आगीने?”

“मग कशाने करायची?”

“बारा वर्षांचं नाव आहे आमचं. एवढंच म्हणतो, थोडं सॉफ्ट.”

“आग सॉफ्ट असते का रे?”

 सिद्धेशने टेबलाखालून बाईंना पायाने खुणावलं. गुणाजीशेठ इतका वेळ शेगडीवरची जाळी बोटाने चाचपत होते. ते म्हणाले, “बाई, तुमचं खरं आहे. मला एकच सांगायचंय.”

त्यांनी मोबाइल काढला आणि एक आवाज ऐकवला. म्हाताऱ्या बाईचा, घरात बसून म्हटलेली ओवी. ‘तान्ह्या माझ्या राजसा, ऊब घे रे अंगाला, तुझ्या आजीची माया, शेगडीच्या संगाला.’ त्यांच्या पत्नी कलावती. दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. शेगडीची कल्पना त्यांचीच, आणि आधीच्या सगळ्या जाहिरातींची सुरुवात झोपलेल्या बाळाच्या फोटोवर याच ओवीने व्हायची.

“हे आधी असू द्या. हा आवाज आला की लोकांना कळतं उबारा म्हणून. तिच्या वस्तूने घरं पेटायला लागली, हे तिचं नाव न घेता कसं सांगू? आधी ती, मग तुम्ही काय हवं ते बोला. आग म्हणा, जाळ म्हणा. मी अडवणार नाही.” आणि त्यांनी हात जोडले.

बाईंनी आपला कागद परत एकदा वाचला. मग सिद्धेशला विचारलं, “हिच्यात बटण येणारच नाही ना?”

“नाही मावशी. पंधरा सेकंद पूर्ण.”

“नक्की?”

“अगं, तो प्रकारच तसा आहे.”

“ओवी चालू असताना खाली अक्षरांत लिहू या. प्लग काढा म्हणून.”

“झोपलेल्या बाळाच्या फोटोवर?” सर्वेश म्हणाला. गुणाजीशेठनी मान खाली घातली, आणि बाईंनी तेही सोडून दिलं.

एकोणीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी साहेबांपुढे माघार घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली ती मेलेल्या बाईच्या आवाजापुढे. मजकूर छाटून नऊ सेकंदांत बसवला. ‘कुणाला दिली असेल तर’ हे वाक्य गेलं. मी वेळ लावली. ओवी सहा सेकंद. निरोप सातव्या सेकंदाला सुरू. तसं मी कागदाच्या कडेला लिहिलंही, ‘निरोप ७ व्या से.’ आणि त्याखाली रेघ मारली. मला वाटलं होतं बोलावं. मग वाटलं, मला यातलं काय कळतं.

सोमवारी जाहिरात सुरू झाली. मंगळवारी माझ्या सुनेच्या फोनवर आली, तेव्हा मी मुद्दाम उभा राहून बघितली. कोपऱ्यात बटण नव्हतं. शेवटी बाईंचा आवाज आला, “प्लग काढा.” सून म्हणाली, “बापरे, डेंजर आहे हे.” दोन दिवसांत दुकानांत शहाण्णव शेगड्या परत आल्या.

गुरुवारी दुपारी मी जेवून भजन ऐकत होतो. मध्ये जाहिरात आली. झोपलेलं बाळ, कलावतीबाईंची ओवी. मी घड्याळाकडे बघत होतो, सवय. पाच सेकंद झाले आणि खाली कोपऱ्यात ते बटण आलं.

मी चष्मा काढून पुसला. तोवर निरोप सुरू झाला होता. मला वाटलं, माझा फोन जुना आहे, त्यात तसं दिसत असेल. मग वाटलं, सिद्धेशने काही बदल केला असेल, त्याला कळतं. फोन हातातच होता. बाईंचा नंबर सगळ्यात वर होता. त्या म्हणतील, कंट्रोलरसाहेब, तुम्हाला नीट दिसत नाही. असं काहीतरी मनात आलं आणि मी फोन ठेवला. संध्याकाळी परत उचलला आणि परत ठेवला. शुक्रवारीही तेच.

शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला खडवलीत आग लागली.

मला रविवारी सकाळी गुणाजीशेठचा फोन आला. त्यांना बाईंशी बोलायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून मला. त्यांना वाटलं असेल, हा माणूस शांत आहे. मी कल्याणला गेलो, बाईंना घेतलं आणि आम्ही खडवलीला गेलो.

घर स्टेशनपासून लांब नव्हतं. दोन खोल्या, मागे भाजीचा वाफा. पुढच्या खोलीत माणसं बसलेली. मागच्या खोलीचं दार कोळशासारखं झालेलं आणि ओल्या राखेचा वास. दर्शना नावाची मुलगी, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. बाळ एकवीस दिवसांचं. शेगडी शहाडच्या मावशीकडून आलेली, मावशीकडे तिच्या सुनेसाठी घेतलेली. शनिवारी दर्शना अंघोळीला गेली होती. आई केशरबाई चुलीशी होती. धूर दिसला तशी केशरबाई आत धावली, बाळ उचलून खिडकीतून शेजारणीच्या हातात दिलं, आणि लुगड्याने पेट घेतला. ती दारापर्यंत आली नाही. हॉस्पिटलात रात्र काढली आणि पहाटे गेली.

दर्शनाच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. आईला ओढताना भाजले होते. बाळ तिच्या शेजारी कुणाच्या तरी मांडीवर होतं. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. आम्ही कोण ते बाईंनी सांगितलं, लपवलं नाही. “ती जाहिरात माझ्या आवाजात आहे,” म्हणाल्या.

दर्शनाने त्यांच्याकडे बघितलं. रडून आवाज बसला होता.

“आलेली ती जाहिरात. दोन-तीनदा आलेली.”

“मग?”

“मी स्किप केली. बाळाचं गाणं होतं ना. मला वाटलं शेगडी विकतायत. म्हटलं आपल्याकडे आहे की.” मग म्हणाली, “आईला आवडलेलं ते गाणं. आई म्हणाली, कशाला घालवलीस, ऐकू दे की. मी म्हटलं परत येईल.”

 कुणीतरी आम्हाला चहा दिला. बाईंनी कप धरला होता, पण तो त्यांनी तोंडाला लावला नाही. निघताना त्यांनी दर्शनाच्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला आणि मध्येच मागे घेतला.

स्टेशनवर बाकावर बसल्यावर त्या म्हणाल्या, “स्किप कशी केली तिने? बटणच नाही ना हिच्यात?”

तेव्हा मी सांगितलं. गुरुवारी मला बटण दिसलं होतं. मी फोन केला नाही. एवढंच सांगता आलं. का केला नाही ते सांगता येईना.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खोपटला एखादा चालक दारू पिऊन आला की त्याच्याकडे बघायच्या तशा.

“फोन करायचा होता हो,” त्या म्हणाल्या. एवढंच. मग समोर रुळांकडे बघत, “मी ओवीला हो म्हटलं. आयुष्यभर नाही म्हटलं आणि तिथे हो म्हटलं.”

आम्ही थेट सिद्धेशकडे गेलो. त्याला खबर लागली होती. तो उभाच होता.

“मावशी, सर्वेशने सांगितलं, प्रकार बदल. बुधवारी. दुकानदार म्हणत होते लोक कंटाळतात, स्किप देता येत नाही म्हणून वैतागतात. आणि स्किपवाल्यात जो सोडून देतो त्याचे पैसे लागत नाहीत, मग तेवढ्याच बजेटमध्ये दुप्पट लोकांना दिसेल. मला पण बरोबर वाटलं. व्हिडिओ तोच, फक्त नवीन कॅम्पेन...”

“निरोप कितव्या सेकंदाला आहे?”

सिद्धेश कॉम्प्युटरकडे वळला.

“तू विचारलंस का स्वतःला? कितव्याला आहे?”

“सातव्या,” मी म्हणालो.

“दाखव मला. किती जणांनी ऐकलं ते दाखव.”

त्याने कॉम्प्युटरवर एक पान उघडलं. त्यात जाहिरात किती जणांनी पाव बघितली, किती जणांनी अर्धी, असे आकडे असतात. पाव म्हणजे पावणेचार सेकंद, ती जवळजवळ सगळ्यांनी बघितली होती. बटण यायच्या आधीची ती. अर्धी म्हणजे साडेसात. तिथे शंभरातले एकवीस उरले होते. हजारो माणसांनी कलावतीबाईंची ओवी ऐकली होती. आम्ही सांगायला गेलो ते त्यांच्या कानाशी पोचायच्या आत अंगठा पडला होता.

सिद्धेश रडायला लागला. बत्तीस वर्षांचा माणूस. “मी चुकलो गं मावशी.”

“नंतर रड,” बाई म्हणाल्या. “आधी हे बंद कर. माइक लाव.”

त्यांनी जुना कागद मागितला. माझ्या पाकिटात घडी करून ठेवलेला होता. मी काढून दिला. त्यात त्यांनी एकही शब्द बदलला नाही.

मायाबाईंना दुसरी वेळ कधी लागायची नाही. त्या दिवशी सहा वेळा झालं. ‘आग लागते’ पाशी आवाज फाटायचा आणि त्या हात वर करून थांबवायच्या. सिद्धेश म्हणाला, “राहू दे, तसाच ठेवू, खरा वाटतो.” बाई म्हणाल्या, “रडका आवाज ऐकला की लोक माणसाकडे बघतात. मला ते प्लगकडे बघायला हवेत.” सातव्यांदा सरळ आला. लोखंडी पट्टीसारखा. मी घड्याळ थांबवलं. पहिलं वाक्य साडेचार सेकंद, सगळं चौदा. पडद्यावर बाळ नाही, गाणं नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं आणि मध्ये हिरवा दिवा.

गुणाजीशेठना फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “टाका. कलावतीचं काही नको.” मागे सर्वेश काही बोलत होता. गुणाजीशेठ म्हणाले, “तू गप.”

नवी जाहिरात टाकली की ती आधी तपासली जाते, मग सुरू होते. ती कधी होईल ते आपल्या हातात नसतं. सिद्धेश दर पाच मिनिटांनी पान रिफ्रेश करत होता. ‘तपासणी चालू’. बाई खुर्चीत बसून होत्या, घरी जाईनात. मी त्यांना विचारलं, काही खाणार का. त्यांनी ऐकलं नाही. जाहिरात दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूर झाली. त्या मधल्या वेळात कुठे काही झालं नाही, म्हणजे आम्हाला कळलं नाही.

पुढे महिन्याभरात शेगड्या येत राहिल्या. टिटवाळ्यातून, आंबिवलीतून, वाशिंदमधून. ठाण्याहून एक बाई रिक्षा करून कारखान्याच्या दारात आली, शेगडी फडक्यात गुंडाळून. काही जणींनी फोन करून सांगितलं की आम्ही ती पुढे दिली होती, आता त्यांना कळवलं. छाटलेलं ते वाक्य परत घातलं होतं, त्याचा हा परिणाम. चारशे सदतीसपैकी चारशे सव्वीस आल्या. खडवलीची जळालेली त्यात धरलेली आहे. अकरा आलेल्या नाहीत.

बाईंनी त्यानंतर सिद्धेशकडे दुसरी जाहिरात केली नाही. तो दोनदा घरी जाऊन आला. दारातून परत पाठवला असं नाही, चहा दिला, प्रेमला बाळ झाल्याचं सांगितलं, पण माइकचा विषय काढू दिला नाही. ही एक मात्र त्याला अजून चालू ठेवायला लावली आहे, पंधरा सेकंदांची, बटण नसलेली. गुणाजीशेठनी कारखाना बंद केला, तरी ती ते थांबवत नाहीत.

रविवारी आम्ही दोघं त्या अकरांच्या मागे फिरतो. पहिल्या गिऱ्हाइकाचा पत्ता असतो, तिथून पुढे विचारत जायचं. मागच्या महिन्यात शहाडला एका चाळीत गेलो. दारात एक म्हातारी तांदूळ निवडत होती.

“शेगडी? होती ना. चांगली होती हो. धाकटीच्या नणंदेने नेली.”

“ती कुठे असते?”

“मुरबाडकडे. पण तिच्याकडून पण कुणी मागून नेली म्हणे. कोण ते नाही सांगता येत. आता पोरगी असेल ना कुणाची तरी बाळंतीण.”

बाईंनी त्या नणंदेचा नंबर घेतला, लावला. उचलला नाही. मग त्या म्हातारीसमोर उकिडव्या बसल्या आणि तिला तेच वाक्य सांगितलं, जसं माइकवर सांगतात तसं, एक शब्द इकडेतिकडे नाही. म्हातारी सूप मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

“परत सांगा बघू, काय सांगाल त्यांना?” बाई म्हणाल्या.

म्हातारीने आधी सुनेच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं, मग शेगडी कुणी आणली ते, मग दिव्याचा रंग. बाईंनी तिला मध्ये थांबवलं नाही. शेवटी ती म्हणाली, “आणि प्लग काढायचा.”

“तो आधी, आजी. आधी प्लग.”

  गुरुवारबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मला कंट्रोलरसाहेब म्हणायचंही त्यांनी सोडलं आहे, आता नुसतं सीतारामभाऊ म्हणतात. मी त्याचं कारण विचारलेलं नाही.

माझ्या फोनवर ती जाहिरात अजून येते. आली की मी भजन बाजूला ठेवतो, फोन दोन्ही हातांत धरतो आणि पंधराही सेकंद ऐकतो. बटण येत नाही. तरी पाचव्या सेकंदाला माझी नजर कोपऱ्याकडे जाते.